पाच बोटांचा ठसा, चार बोटांचं जनावर

पहिला दिवस : तलावाचा ओसरता काठ

पाणी ओसरत चाललेल्या तलावाच्या काठावर ठसे शोधायचे, तर आधी योग्य पट्टा शोधावा लागतो. पाण्याला लागून असलेला चिखल इतका पातळ असतो की जनावराने पाय उचलताच कडा आत ढासळतात आणि मागे नुसता खड्डा उरतो. झुडपांजवळचा भाग कडक, तिथे जड जनावराच्याही नखांचेच काय ते ठिपके उमटतात. या दोहोंच्या मध्ये दोन-तीन मीटरचा एक पट्टा मिळतो. तिथे खाली घट्ट माती आणि वर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा मऊ, बारीक गाळ असतो. ओळखायला उपयोगी पडणारे ठसे बहुतेक इथेच सापडतात.

या पट्ट्यात आज एकच सलग माग मिळाला. झुडपांतून निघून तो उतारावरून खाली आला होता आणि मग पाण्याला समांतर, सपाटीवरून पुढे गेला होता. उतारावरचा एक ठसा लगेच नजरेत भरला. तळव्याच्या गादीपुढे बोटांच्या पाच खुणा, त्यातल्या दोघींच्या टोकाला नखांसारख्या बारीक चिरा. पुढच्या दिवसांचं बरंचसं काम या ठशाच्या फोटोवरच होणार होतं, म्हणून तो फोटो कसा काढला हे सविस्तर सांगायला हवं.

आधी दुरून पूर्ण मागाचा फोटो, मग एकेका ठशाचा. कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर. तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत ठसा एका दिशेने दबतो आणि लांबट पंजा गोल दिसायला लागतो. कुत्रा की मांजरकुळातलं जनावर, हा प्रश्न बऱ्याच अंशी पंजाच्या आकारावर सुटतो. त्यामुळे ही चूक नंतर कशानेच भरून निघत नाही. ठसा चौकटीच्या मध्यभागी ठेवावा. मोबाइलच्या रुंद लेन्समध्ये कडेच्या गोष्टी ताणल्या जातात, तेव्हा थोडं उंचावरून, झूम करून काढलेला फोटो जास्त विश्वासाचा.

मोजपट्टी हवीच, पण ती कुठे ठेवली हेही महत्त्वाचं आहे. समजा ठसा ३ सेंटीमीटर खोल आहे, पट्टी वरच्या पृष्ठभागावर आहे आणि कॅमेरा ठशाच्या तळापासून ५० सेंटीमीटर वर आहे. पट्टी कॅमेऱ्याला ३ सेंटीमीटर जवळ असल्याने थोडी मोठी दिसते आणि तिच्या मापाने ठसा सुमारे ६ टक्के लहान भरतो. ८ सेंटीमीटरचा पंजा साडेसात होतो. कॅमेरा दीड मीटरवर नेला की हीच चूक २ टक्क्यांवर येते. म्हणून शक्य असेल तेव्हा पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला, बाजूच्या मातीत हलकेच दाबून ठेवावी. तसं जमत नसेल तर उंचावरून फोटो काढावा.

प्रकाश बाजूने, अगदी खालून हवा. भर दुपारी उथळ बोटं दिसेनाशी होतात. अशा वेळी अंगाची सावली ठशावर पाडून जमिनीलगत धरलेल्या विजेरीचा उजेड एका बाजूने सोडला की कडा उठून दिसतात. एक ठसा उजवीकडून आणि डावीकडून असा दोनदा उजळून घेतला तर एका फोटोत सावलीत गेलेली बाजू दुसऱ्यात मिळते.

संध्याकाळ व्हायच्या आत मागाच्या कडेने ५ मीटरचा टेप ताणून पसरला आणि प्रत्येक ठशाचा टेपसकट सरळ वरून फोटो घेतला. ढांग मोजायची तर हे पहिल्याच दिवशी करावं लागतं. रात्रीत दुसरं जनावर त्याच वाटेने गेलं तर माग कायमचा विस्कटतो.

दुसरा दिवस : बोटांची मोजणी

सकाळी स्क्रीनवर फोटो उघडला आणि सगळ्यात आधी तो फिरवला, प्रकाश वरच्या बाजूने येईल असा. उजेड खालून येत असेल तर डोळ्यांना खड्डा फुगवटा वाटतो आणि ठसा चिखलावर चिकटवलेला असल्यासारखा दिसतो. फोटो फिरवताच तो आत बसतो.

मग मोजणी. पाच खुणा खऱ्या धरल्या तर यादी छोटी होते. अस्वलाच्या पंजात पाचही बोटं जवळजवळ एका ओळीत उमटतात, गादी आडवी, रुंद असते आणि पुढच्या पायाची लांब नखं बोटांपासून बरीच पुढे टोचलेली दिसतात. इथे तसं काहीच नाही. उदमांजर, मुंगूस यांनाही पाच बोटं, पण त्यांचे पंजे यापुढे फारच लहान. पाणमांजराची बोटं पसरलेली असतात आणि चांगल्या चिखलात त्यांच्यामधला पडदाही उमटतो. या सगळ्यांना बाजूला सारल्यावर प्रश्न उलटा विचारायला हवा होता. ही पाचवी खूण खरंच त्या पंजाची आहे का?

चालताना बरीच जनावरं पुढच्या पायाच्या ठशावरच मागचा पाय ठेवतात. तो अगदी बरोबर बसला तर एकच ठसा दिसतो. दोनेक सेंटीमीटर पुढे किंवा बाजूला पडला, तर खालच्या ठशाची एक-दोन बोटं बाहेर डोकावतात आणि फोटोत पाच-सहा बोटांचं जनावर तयार होतं.

याची परीक्षा कडांवर होते. मागचा पाय नंतर पडतो, त्यामुळे त्याच्या कडा अखंड असतात आणि त्याने ढकललेला चिखल आधीच्या ठशात घुसतो. आमच्या फोटोत सगळ्यात बाहेरची, किंचित मागे असलेली खूण संशयाची होती. मोठं करून पाहिल्यावर तिची आतली कड तुटलेली दिसली. शेजारच्या बोटाने रेटलेला चिखलाचा एक पातळ ओठ तिच्यात उतरला होता. बाकी चौघींच्या कडा मात्र गोल आणि पूर्ण. तिचा तळही इतरांपेक्षा वेगळ्या पातळीवर होता, हे दोन्ही बाजूंच्या प्रकाशातल्या सावल्यांच्या रुंदीवरून कळलं. गादीच्या मागच्या बाजूला एक दुसरी, पुसट कड होती. ती पुढच्या पायाच्या गादीची. म्हणजे पाचवी खूण आधी पडलेल्या पुढच्या पायाचं बाहेरचं बोट होती आणि वरचा पूर्ण ठसा मागच्या पायाचा, चार बोटांचा.

इथे अंगठ्याचा घोळ होऊ शकतो. कुत्रा आणि बिबट्या या दोघांच्याही पुढच्या पायाला पाचवं बोट असतं, पण ते वर, जमिनीला न टेकणारं. फार खोल चिखलात किंवा उडी मारून उतरताना ते टोचतं. तेव्हाही त्याची खूण गादीच्या मागे, आतल्या बाजूला एकटीच असते, बोटांच्या कमानीत कधीच नसते. आमची खूण कमानीला लागून आणि बाहेरच्या बाजूला होती, त्यामुळे ती शंका लगेच मिटली.

चार बोटं म्हटल्यावर समोर तीन उमेदवार राहिले, मोठा कुत्रा, तरस आणि बिबट्या. मापाने त्यांच्यात निवड होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. फोटोत पट्टीचे १० सेंटीमीटर ८२० पिक्सेलमध्ये बसत होते आणि वरच्या ठशाची रुंदी ५९० पिक्सेल होती. ५९० ला ८२० ने भागून १० ने गुणलं की ७.२ सेंटीमीटर. एवढ्या रुंदीचा पंजा या तिघांचाही असू शकतो. रुंदीही कुठली मोजायची, हा मुद्दा आहेच. चिखलात पाय रुतताना वरची कड बाहेर फाकते आणि ठसा जितका खोल तितकी ती जास्त फाकते. म्हणून भिंत जिथे वळून तळाला मिळते, तिथली आतली रेषा धरायची. वरच्या कडेवरून मोजला असता तर हाच पंजा सव्वाआठ सेंटीमीटर भरत होता.

तिसरा दिवस : नखं, आणि नखांसारखं बरंच काही

तलावाला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेल्यावर तुलनेसाठी नेमकं हवं ते मिळालं, कुत्र्याचा ताजा माग. अशी जोडी शेजारी ठेवून पाहिली की पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त समजतं.

कुत्र्याची नखं नेहमी बाहेर असतात आणि जमिनीवर घासून बोथट होतात. त्यांची खूण गोलसर, जाड, बोटाच्या पुढे थोडं अंतर सोडून पडते. मधल्या दोन बोटांची नखं जवळजवळ समांतर, पुढे रोखलेली असतात. तरसाची नखंही अशीच जाड आणि बोथट. मांजरकुळात नखं आत ओढलेली असतात, म्हणून साध्या चालीत ती उमटत नाहीत. यावरून ‘नखं दिसली की कुत्रा, नाही दिसली की बिबट्या’ असा सोपा नियम केला जातो आणि तो दोन्ही बाजूंनी फसतो. कडक जमिनीवर, किंवा नखं फार झिजलेली असतील तर, कुत्र्याच्या ठशात ती कधीकधी दिसत नाहीत. उलट घसरणाऱ्या ओल्या उतारावर बिबट्या पकड घेण्यासाठी नखं बाहेर काढतो.

म्हणून नख आहे का एवढंच न पाहता ते कसलं आहे आणि कुठे आहे हे पाहावं. आमच्या फोटोतल्या दोन्ही खुणा अरुंद, खोल चिरा होत्या, बोटाच्या टोकाला जवळजवळ चिकटलेल्या. रुंदी दोन मिलिमीटरच्या आत. गादीच्या मागे चिखल लांबट सारवल्यासारखा ओढला गेला होता, म्हणजे पाय पडल्यावर उताराच्या दिशेने पुढे सरकला होता. हाच घसरा ठशाची लांबी फुगवतो. इथे ती साडेनऊ सेंटीमीटर भरत होती, रुंदी मात्र शेजारच्या न घसरलेल्या ठशांइतकीच. घसरलेल्या ठशाची लांबी कुठेच वापरू नये.

मागाचे बाकीचे फोटो ओळीने लावल्यावर नखांचं कोडं सुटलं. उतारावरच्या तीन ठशांत चिरा होत्या, सपाटीवरच्या एकाही ठशात नव्हत्या, आणि चिखल तोच, तितकाच मऊ. कुत्र्याची किंवा तरसाची नखं असती तर सपाटीवर ती निदान मधल्या दोन बोटांपुढे तरी दिसली असती. एकाच ठशाचा फोटो हाती असता तर हे कधीच कळलं नसतं. कोणी ओळखायला एकुलता फोटो पाठवला, तर त्याच मागावरचे आणखी दोन-तीन ठसे आधी मागावेत.

नखांसारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टीही इथे भरपूर होत्या. वाळत्या चिखलाची भेग बोटाच्या टोकापासूनच सुरू होते, कारण तिथे थर सगळ्यात पातळ झालेला असतो. भेग मात्र पुढे जाऊन दुसऱ्या भेगेला मिळते, नखाची चीर जागीच संपते. पावसाच्या थेंबांचे खड्डे ठशाबाहेरही सगळीकडे विखुरलेले असतात. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांची छिद्रं गोल आणि बोटाच्या दिशेशी फटकून असतात. गवताच्या खुंटाभोवती चिखल किंचित उचललेला असतो.

नखांवर निकाल द्यायचा नसेल तर गादी आणि बोटांची मांडणी पाहायची, आणि आमचा भर तरी नेहमी यांवरच असतो. सपाटीवरच्या एका स्वच्छ ठशावर दोन तिरक्या रेषा काढून पाहिल्या. पहिली डाव्या बाहेरच्या बोटाच्या खालून, गादीच्या वरून, उजवीकडच्या दोन बोटांच्या मधून निघते. दुसरी तिच्या उलट बाजूने. पलीकडच्या काठावरच्या कुत्र्याच्या ठशात या दोन्ही रेषांची फुली कशालाही न कापता बसली, कारण कुत्र्याची गादी लहान, त्रिकोणी आणि बोटांपासून मागे असते. आमच्या ठशात दोन्ही रेषा गादीला कापून गेल्या. गादी मोठी होती, तिची पुढची कड टोकदार नसून बोथट, मधे किंचित दबलेली आणि मागच्या कडेला तीन स्पष्ट उंचवटे होते.

बोटंही एका रेषेत नव्हती. हात टेबलावर पालथा ठेवला तर मधलं बोट अनामिकेच्या पुढे जातं, तसं मांजरकुळात आतल्या बाजूचं मधलं बोट पुढे असतं. कुत्र्याची मधली दोन्ही बोटं बरोबरीने असतात आणि पंजा मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जवळजवळ जुळतात. पुढे असलेल्या या बोटावरून पाय डावा की उजवा हेही ठरतं. ते डावीकडे झुकलेलं असेल तर पाय उजवा. उद्याच्या मोजणीला हे लागणारच आहे.

चौथा दिवस : ढांग

ढांग म्हणजे एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर, उजव्या मागच्या पायापासून पुन्हा उजव्या मागच्या पायापर्यंत. उजव्यापासून डाव्यापर्यंतचं अंतर म्हणजे पाऊल, ते साधारण निम्मं. दोघांची गल्लत झाली की जनावर एकदम दुप्पट मोठं किंवा निम्मं होतं. मोजताना दोन्ही ठशांवर बिंदू एकच धरायचा. आम्ही गादीची मागची कड धरतो. जिथे ती घसरलेली असेल तिथे पुढे असलेल्या बोटाचं टोक.

उभ्याने काढलेल्या मागाच्या फोटोवरून ढांग काढण्याचा मोह टाळावा. आमच्या पहिल्या दिवशीच्या दुरून काढलेल्या फोटोत जवळची १५ सेंटीमीटरची पट्टी ३०० पिक्सेल भरत होती आणि तेवढीच पट्टी पुढच्या टोकाला १८० पिक्सेल. जवळच्या पट्टीने सगळा माग मोजला तर दूरची प्रत्येक ढांग लहान भरते आणि जनावर जाता जाता पावलं आखडत गेल्यासारखं वाटतं. असा एकच फोटो असेल आणि त्यात दोन टोकांना दोन पट्ट्या नसतील, तर त्यातून ढांगेचा आकडा देऊ नये.

टेपसकट वरून काढलेल्या फोटोंत हा प्रश्न येत नाही. सपाटीवर उजव्या मागच्या पायाची गादी टेपच्या १२, १०८, २०७, ३०१ आणि ३९८ या खुणांवर पडली होती. वजाबाकी केली की ढांगा ९६, ९९, ९४ आणि ९७ सेंटीमीटर, सरासरी ९६.५. फरक थोडा आणि ढांग एकसारखी, म्हणजे जनावर न थांबता, न धावता आपल्या चालीने गेलं. उतारावर हीच ढांग ७४ ते ७८ सेंटीमीटरवर आली होती, घसरा आणि नखं जिथे होती तिथेच. एकाच जनावराच्या ढांगेत वीस सेंटीमीटरचा फरक केवळ जमिनीमुळे पडू शकतो. उतार आणि सपाटी एकत्र करून काढलेली सरासरी त्यामुळे निरुपयोगी ठरते.

ढांगेआधी चाल ठरवायची, हा क्रम सोडू नये. लहान जनावर दुडक्या चालीने गेलं तर त्याची ढांग मोठ्या जनावराच्या साध्या चालीइतकी भरते. इथे मागचा पाय पुढच्या पायावर किंवा त्याला लागून पडत होता, डावी-उजवी पावलं सम अंतराने येत होती आणि पंजांपुढे चिखल उडालेला नव्हता. साधी चाल. एवढं ठरल्यावरच ९६.५ या आकड्याला अर्थ येतो. अंगाने कोल्हा किंवा रानमांजर असतं तर साध्या चालीत ही ढांग शक्य नव्हती, त्यांचे पंजेही बरेच लहान. वाघाच्या चालीला ही ढांग आखूड आणि पंजा तर फारच छोटा. पूर्ण वाढलेल्या बिबट्याला ती बसते. मोठ्या कुत्र्यालाही बसते, म्हणून हा आकडा एकट्याने पुढे करता येत नाही.

तरसाचा प्रश्न मागच्या-पुढच्या पायांच्या तुलनेत सुटला. सपाटीवर दोन ठिकाणी मागचा पाय पुढच्यापासून वेगळा पडला होता. तिथे पुढचा पंजा ७.९ सेंटीमीटर रुंद आणि मागचा ७.२ भरला. बहुतेक मांसाहारी जनावरांचा पुढचा पंजा थोडा मोठा असतो, डोकं आणि छातीचं वजन त्यावर येतं. तरसात हा फरक ठळक असतो. पुढचं धूड जड आणि पाठ मागे उतरती असल्यामुळे दोन पंजे दोन वेगळ्या जनावरांचे वाटावेत इतका. इथे तसं नव्हतं, आणि गादीच्या मागच्या तीन उंचवट्यांनंतर त्या शंकेला फारशी जागाही उरली नव्हती.

निघण्याआधी पहिल्या दिवसाच्या ठशाचा त्याच उंचीवरून पुन्हा फोटो घेतला. चिखल वाळून आक्रसला होता आणि ७.२ ची रुंदी ६.८ झाली होती. चारपैकी दोन बोटांतून भेगा निघाल्या होत्या. फक्त आजचा फोटो पाहणाऱ्याला तो चार बोटांचा, चार नखांचा, मध्यम आकाराच्या कुत्र्याचा ठसा वाटला असता. म्हणून फोटोसोबत चिखल ओला, दमट की वाळलेला हे लिहिलेलं असलं पाहिजे आणि वाळलेल्या ठशाचं माप ताज्याशी ताडून पाहू नये.

नोंदीत शेवटी एवढं लिहिलं : बिबट्या, साधी चाल, ओला चिखल, उजवा मागचा पंजा, रुंदी ७.२ सेंटीमीटर, तळाच्या रेषेवर मोजलेली. सपाटीवरची ढांग ९६.५, चार ढांगांची सरासरी. उतारावर नखं उमटलेली, सपाटीवर नाहीत. पाचवी खूण खालच्या पुढच्या पंजाची. नर की मादी ही चौकट रिकामी ठेवली. ७.२ सेंटीमीटरचा मागचा पंजा मोठ्या मादीचाही असतो आणि तरुण नराचाही.